हातभर

गुरुवार, रात्री साडेदहा

आज दोन भाकरी करपल्या. हे काही बोलले नाहीत, पण ताटातली काळी बाजू खाली करून खाल्ली. मन जाग्यावर नाही. कारण सांगायला गेलं तर एवढंसं आहे.

गणिताच्या तासाला अपूर्णांकांची बेरीज फळ्यावर मांडली, वळले, आणि सवयीनं वर्गातल्या त्या अबोल पोरीकडे बघितलं. ती उठली. उत्तर दिलं, तेही बरोबर, आणि बसली. तास संपल्यावर वह्या टेबलावर ठेवायला आली तेव्हा खालमानेनं म्हणाली, "बाई, तुम्ही भुवईनं बोलवता होय?"

मी हसून "हो गं" म्हटलं आणि पुढचा तास घेतला. घरी येताना रिक्षात मात्र ते वाक्य परत आलं, आणि तेव्हापासून जातच नाहीये.

मी खरंच भुवईनं बोलवते. इतक्या वर्षांत अंगवळणी पडलंय. नाव घेत नाही, फक्त बघते, भुवई जरा वर करते, आणि ते पोर उठतं. पाचवीत आणि आता सहावीत, दोन वर्षं मी तिला असं कितीदा बोलावलं असेल! ती जागची हलायची नाही. मी दोन क्षण थांबायचे आणि नजर पुढच्या बाकावर न्यायचे. मला वाटायचं, लाजते. कधी वाटायचं, हट्टी आहे. मागच्या दिवाळीआधी पालकांच्या सभेत तिच्या आईला मी म्हणालेसुद्धा, "पोरगी हुशार आहे हो, पण वर्गात लक्ष नसतं." आईनं मान खाली घातली होती.

आणि तिला काय वाटत होतं? बाई मला कधी विचारतच नाहीत.

जेवणं झाल्यावर मागच्या वर्षीची दृष्टी तपासणीची वही काढली. शाळेत पथक यायच्या आधी आम्ही शिक्षकच एक फेरी करतो, त्याची ही वही. तिच्या नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय: उजवा 6/6, डावा 6/6. खाली माझी सही. नऊ महिन्यांनी यंदाच्या कागदावर आलंय: उजवा 6/36, डावा 6/60. म्हणजे इतरांना जे अक्षर 36 मीटरवरून वाचता येतं, ते उजव्या डोळ्यानं वाचायला तिला 6 मीटरपर्यंत जवळ यावं लागतं. डाव्यानं तर तक्त्यावरचं सगळ्यात वरचं मोठं अक्षर तेवढं.

आधी मी स्वतःची समजूत घालत होते की या वयात नंबर भराभर वाढतो, वर्षात अर्धा, कधी एक. तेव्हा कमी असेल. पण तेव्हा दीड धरला तरी खालची ओळ दिसायची नाही. माझी तपासणी चुकली हे खरं, आणि कशी चुकली हे तिनंच मला दवाखान्यात बाकावर बसून सांगितलं.

मी मुलींना व्हरांड्यात रांगेनं उभं केलं होतं. समोरच्या भिंतीवर तक्ता, 6 मीटरवर खडूची रेघ, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. एकेकीनं यायचं, एका डोळ्यावर हात ठेवायचा आणि मोठ्यानं वाचायचं. हिचा नंबर अकरावा. पुढच्या दहा जणींनी तीच अक्षरं, त्याच क्रमानं, दोन-दोनदा वाचली. हिनं ती पाढ्यांसारखी पाठ केली. दवाखान्यात तिनं मला शेवटची ओळ म्हणून दाखवली, अजून येते तिला, चालीत. शिवाय डोळा झाकला होता तो बोटांनी, तळव्यानं नाही. बोटांना फट राहतेच. मी समोर वहीत लिहीत उभी होते.

यंदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाबरोबर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातले डोळ्यांचे सर आले होते. त्यांनी पहिल्यांदा रांग मोडली. सगळ्यांना वर्गात बसवून दार लोटून घेतलं, एकेकीलाच बाहेर बोलावलं. अक्षरांचा तक्ता नव्हताच. इंग्रजी 'ई'सारख्या आकृतीचे तीन दात कुठल्या बाजूला आहेत ते हातानं दाखवायचं, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. सर दर वेळी कार्ड फिरवत होते. पाठ करायला काही उरलंच नाही. ती उभी राहिली, हात पुढे केला आणि तो तसाच अर्धवट हवेत राहिला. मग तिनं डोळे बारीक केले.

ते डोळे बारीक करणं मी दोन वर्षं बघत आलेय. "तोंड वाकडं करू नको, सरळ बघ," असं म्हणालेय मी तिला. सर तिला काहीच बोलले नाहीत. एक काळी पट्टी काढली, मधे सुईनं पाडल्यासारखं बारीक भोक, आणि म्हणाले, "यातनं बघ बाळा." तिनं बघितलं आणि हात पटापट फिरायला लागला. पार 6/9 च्या ओळीपर्यंत गेली. सर मला म्हणाले, "भोकातून सुधारतंय ना, म्हणजे चष्म्यानं होईल. पडद्याचं वगैरे दुखणं असतं तर एवढा फरक पडला नसता." आणि डोळे बारीक करणं म्हणजे तेच, पापण्यांची फट करून पसरणारा प्रकाश आवरणं. पोर आपल्या परीनं उपाय करत होती.

ग्रामीण रुग्णालयात तिची आई रोज बुडवून आली होती. डोळ्यांत थेंब घालून बसवलं, परत घातले, परत बसवलं. लहान मुलांच्या डोळ्याला जोर लावून बघायची सवय असते, ती थेंबांनी सैल पाडल्याशिवाय खरा नंबर कळत नाही, नाहीतर जास्तीचा लागतो. मग अंधाऱ्या खोलीत बॅटरीसारख्या यंत्रानं बघितलं. चार दिवसांनी परत बोलावून काचा घालून वाचायला लावलं आणि कागद दिला: उजवा उणे 2.25, डावा उणे 2.75. आईनं पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा. शाळेतून आलेल्या मुलांना फुकट मिळतो हे कळल्यावर ती एकदम खुर्चीत टेकून बसली. तोपर्यंत ती टोकाला बसली होती हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्याबद्दल आज नको.

सरांनी एक सोपा हिशेब सांगितला होता. एका मीटरला नंबरानं भागायचं. जे उत्तर येईल तिथपर्यंत त्या डोळ्याला चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतं, पुढे धूसर. आत्ता हे झोपल्यावर मी शाळेची मीटरपट्टी घेऊन बसले. 100 भागिले 2.25, जवळजवळ 44 सेंटिमीटर. डाव्याचे 36. पट्टीचं टोक डोळ्याखाली गालाला लावलं आणि 44 वर बोट ठेवलं. आपल्या जुन्या मापानं एक हात. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. त्याच्या आत तिला सगळं दिसत होतं आणि त्याच्या पलीकडे फळा, मी, माझी भुवई.

आणि म्हणूनच आम्हाला कुणाला कळलं नाही. वही त्या हातभर अंतरात येते. तिचं अक्षर वर्गात सगळ्यात सुरेख, पुस्तक घडाघडा वाचते, घरचा अभ्यास चोख. फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवायची, आणि शेजारीण चुकली की हीही तशीच चुकायची. त्यावरूनही मी तिला बोललेय, "नक्कल करतेस?" दोघींच्या वह्यांत एकाच ठिकाणी 7 चा 1 झालेला. ती खूण माझ्या हातात होती, मी लाल पेनानं तिच्यावर गोल केला आणि पुढे गेले.

विचारलं मी तिला, का गं सांगितलं नाहीस? बराच वेळ बोटं मोडत बसली. मग म्हणाली, आधी कळलंच नाही, सगळ्यांना असंच दिसतं वाटायचं. पावसाळ्यात मैत्रिणीनं डोंगरावरची शेळी दाखवली तेव्हा कळलं. आणि मग भीती वाटली. आत्याला लग्नाआधी... तिनं वाक्य सोडून दिलं. मीही ओढलं नाही. वर्गातली पोरं 'ढापणी' म्हणतील हेही होतंच. आजी म्हणते चष्मा लावला की नंबर वाढतच जातो. सरांनी समजावलं होतं की नंबर वाढतो तो उंची वाढते तशी डोळ्याची बाहुली ज्यात बसते तो अख्खा गोळाच लांबट होत जातो म्हणून, काच लावली म्हणून नव्हे. आईला पटलं. आजी त्या दिवशी आल्या नव्हत्या.

चष्मा तीन आठवड्यांनी आला. पहिल्या दिवशी ती उंबरठा ओलांडताना पाय फार वर उचलत होती. जमीन वर आल्यासारखी वाटते म्हणाली. चार-पाच दिवसांत ते गेलं. ओढणीनं काच पुसत होती, तिला नळाखाली धरायला शिकवलं, प्लॅस्टिकची काच आहे, चरे पडतात.

मला वाटलं होतं आता ती बोलकी होईल. अशी गोष्ट मनात रचूनच टाकली होती मी. तसं काही झालेलं नाही. ती अजून कमी बोलते, प्रार्थनेला अजून मागच्या खांबाशी उभी राहते. लाजाळू ती आहेच. लाजणं तिचं होतं, धूसर दिसणं डोळ्याचं होतं, आणि मी दोन्हीला मिळून एकच नाव दिलं होतं. हे कळल्यावर मघापासून पहिल्यांदा जरा हलकं वाटलं. तिला बदलायचं काम माझं नाहीच. ती खांबाशी उभी राहू दे. मला फक्त तिला हाक ऐकू जाईल अशी मारायची होती. नाव घ्यायला किती वेळ लागतो? बाकी एकेचाळीस जणांत अजून कुणाला माझी भुवई दिसत नाही, कुणास ठाऊक. तक्ता आणि कार्ड दोन्ही कपाटात आहेत. शनिवारी परत घेते, दार लावून, एकेकाला.

एक लिहायचं राहिलं. तिच्या नाकावर चष्म्याची खूण पडलेली नाही. दिवसभर घालणाऱ्याच्या पडते, माझ्या आहे. आज शाळा सुटताना मी दारातून बघितलं. दप्तर भरून झाल्यावर तिनं चष्मा काढला, रुमालात गुंडाळला, कंपासपेटीत ठेवला आणि डोळे बारीक करत फाटकाकडे निघाली. मी हाक मारली नाही. उद्या सुटल्यावर तिच्याबरोबरच चालत जाईन. आजी घरीच असतात दुपारच्या.