गर्भपिशवीचं ऑपरेशन, माझी दहाची गोळी आणि फिटनेसचा कागद

ऑपरेशन दीड तासाचं होतं. ते करण्याइतपत मी ‘फिट’ आहे असं कागदावर यायला मात्र अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांचा राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून आधी तेच लिहिते.

मला संधिवात आहे, हातापायांची बोटं वाकवणारा. सात वर्षं झाली, रोज सकाळी नाश्त्यानंतर प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी घेते. सध्या 10 मिलिग्रॅम. गर्भपिशवीत गाठी झाल्या, रक्तस्राव थांबेना, हिमोग्लोबिन आठवर आलं, तेव्हा पोट उघडून पिशवी काढायचं ठरलं. सोनोग्राफी, रक्त चढवणं, विम्याची मंजुरी हे सगळं बिनबोभाट झालं. अडलं ते भूलतज्ज्ञांच्या तपासणीच्या एका कागदावर.

त्या छापील कागदावर बीपी, साखर, थायरॉईड, दमा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दातांची कवळी या सगळ्यांना चौकोन आहेत. स्टिरॉइडला नाही. मी तोंडी सांगितलं. पहिल्या दिवशीच्या तरुण डॉक्टरांनी ‘इतर’ या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं आणि म्हणाले, “संधिवाताच्या डॉक्टरांचं पत्र आणा.” कॉलेज रोडला गेले, नंबर लागायला अडीच तास. पत्र मिळालं: गोळी चालू ठेवावी, अचानक बंद करू नये. ते घेऊन परत आले तर काउंटरवर म्हणाले, “यात ऑपरेशनच्या वेळच्या स्टिरॉइड इंजेक्शनचा डोस कुठे आहे?” पुन्हा कॉलेज रोड. तिथले डॉक्टर म्हणाले, “किती द्यायचं हे ऑपरेशन केवढं आहे त्यावर ठरतं, आणि ते भूल देणाऱ्यांनी ठरवायचं. मी काय लिहू?” त्यांचं बरोबरच होतं. पण काउंटरवरच्या माणसाला ते पटवायचं कोणी, मी?

मधेच सर्जन भेटले. घाईत होते. म्हणाले, “स्टिरॉइड? मग आठ दिवस आधी बंद करा, जखम चिघळते.” मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, डॉक्टर सांगतायत तर कर. मी बंद केली नाही. फार हुशार आहे म्हणून नव्हे. दोन वर्षांपूर्वी सप्तशृंगीला जाताना डबी घरी विसरले होते आणि तिसऱ्या दिवशी मला उठून बसवेना. उलट्या, चक्कर, बीपी 84. ते लक्षात होतं.

सर्जनची भीती अगदीच खोटी नाही, हे मला नंतर कळलं. वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेणाऱ्याची जखम सावकाश भरते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. पण आठ दिवस गोळी बंद केल्याने सात वर्षांचा परिणाम पुसला जात नाही. उलट मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या ज्या ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, बनवतात, त्या बाहेरून मिळणाऱ्या गोळीमुळे झोपलेल्या असतात. त्या आठ दिवसांत जाग्या होत नाहीत, कित्येकदा सहा महिने ते वर्षही लागतं. म्हणजे गोळीही नाही आणि स्वतःचं कॉर्टिसॉलही नाही, अशा अवस्थेत टेबलावर जायचं.

सहाव्या दिवशी कॉर्टिसॉलची तपासणी सांगितली. सकाळी आठला रक्त द्यायचं. मी शहाण्यासारखी नाश्ता करून, गोळी घेऊन लॅबमध्ये पोचले. रिपोर्ट आला तो छान नॉर्मल! काउंटरवर सगळे खूश: “बघा, काही गरज नाही.” नशीब, मी तो संधिवाताच्या डॉक्टरांना फोटो काढून पाठवला. त्यांचा लगेच फोन: “ताई, गोळी घेऊन गेलात का?” प्रेडनिसोलोन रक्तात असलं तर बऱ्याच यंत्रांना ते कॉर्टिसॉलसारखंच दिसतं आणि आकडा फुगतो. शेवटच्या गोळीनंतर 24 तासांनी, त्या दिवसाची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं आणि मग लगेच गोळी घ्यायची, हे लॅबने सांगितलं नव्हतं आणि मला माहीत नव्हतं. दोन दिवसांनी पुन्हा दिलं. आकडा 3.6. पाचच्या खाली म्हणजे ग्रंथी झोपलेल्या. दहाच्या वर असता तर बहुधा नुसती रोजची गोळी पुरली असती. मधला आला तर ग्रंथींना चेतवून बघणारी आणखी एक उत्तेजन तपासणी करतात, किंवा तिच्या फंदात न पडता इंजेक्शन देऊन टाकतात.

अकराव्या दिवशी एक ज्येष्ठ भूलतज्ज्ञ बाई भेटल्या आणि सात मिनिटांत विषय संपला. त्यांनी दोन्ही कागद वाचले आणि मला समोर बसवून समजावलं. निरोगी शरीर रोज साधारण 10 मिलिग्रॅम कॉर्टिसॉल बनवतं. ऑपरेशन म्हणजे शरीराच्या दृष्टीने मार. मार जेवढा मोठा, तेवढं ते जास्त बनवतं, अगदी मोठ्या ऑपरेशनला शंभर आणि त्याहून वर. ज्याचं शरीर बनवू शकत नाही, त्याला तेवढंच बाहेरून हायड्रोकॉर्टिसोन द्यायचं. ना कमी, ना उगाच जास्त.

“गेल्या वर्षी दाढ काढली तेव्हा काय केलं?” त्यांनी विचारलं. काहीच नाही, सकाळची गोळी घेऊन गेले होते. “बरोबर केलंत. तुमची 10 ची गोळी म्हणजे हायड्रोकॉर्टिसोनचे 40. दाढेला, मोतीबिंदूला तेवढं पुरून उरतं.” पोट उघडून गर्भपिशवी काढणं हे मधल्या पायरीवरचं. त्यासाठी त्यांनी लिहिलं: सकाळची गोळी नेहमीसारखी, भूल देताना 50 मिलिग्रॅम शिरेतून, मग दर आठ तासांनी 25, एक दिवस. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा रोजची गोळी. हृदयाचं किंवा तसंच मोठं ऑपरेशन असतं तर सुरुवातीला 100, मग दर आठ तासांनी 50, आणि पुढे रोज निम्मं करत रोजच्या डोसवर. इंग्लंडच्या भूलतज्ज्ञांच्या 2020 च्या सूचना याहून सढळ आहेत: आधी 100 आणि मग 24 तासांत 200, सलाईनमधून थेंब थेंब. दोन्ही पद्धती चालतात, म्हणाल्या, पण कोणती ते आधी कागदावर हवं.

जास्त देऊन टाकलं तर काय बिघडतं, असं मी विचारलं. 1952 मध्ये अमेरिकेत एक नोंद छापून आली: कॉर्टिसोनवर असलेला एक तरुण संधिवाती रुग्ण खुब्याच्या ऑपरेशननंतर दगावला. त्या धसक्याने पुढे कित्येक वर्षं भरमसाट डोस देत असत. त्याने साखर चढते, जखम रेंगाळते. म्हणून आता ऑपरेशनच्या मापाने देतात.

त्यांनी हे सगळं औषधांच्या कागदावर वेळांसकट लिहिलं, आणि सकाळची गोळी लाल पेनने. त्या लाल ओळीनेच मला वाचवलं, कारण ऑपरेशनच्या दिवशी पहाटे सहाला सिस्टर म्हणाल्या, “तुम्ही उपाशी आहात ना, मग काही नाही म्हणजे काही नाही.” मजा अशी की शेजारच्या पलंगावरच्या काकूंना त्याच वेळी बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर दिली. मी कागद उघडून लाल ओळ दाखवली. सिस्टरनी डॉक्टरांना उठवलं, आणि साडेसहाला दोन घोट पाण्याबरोबर गोळी पोटात गेली. हे अडवणं साधं नाही. नऊचं ऑपरेशन सरकत सरकत दुपारी एकला झालं. गोळी चुकली असती तर आदल्या सकाळपासून अंगात काहीच नसतं.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. पुढचे डोस रात्री नऊ, पहाटे पाच, दुपारी एक. धाकटी बहीण सोबतीला होती, तिला मोबाईलवर तिन्ही गजर लावायला लावले. नऊचा सुरळीत झाला. पहाटे पाचला पाळी बदललेली, नव्या सिस्टर कुपी हातात घेऊन म्हणाल्या, “ही 100 ची आहे, सगळी देऊ का?” पांढरी पूड, दोन मिली पाण्यात विरघळवलेली, त्यातलं अर्धा मिली माझं. बहिणीने कागद पुढे केला. त्यांनी सिरिंज उजेडात धरून काडीकाडीने मोजून दिलं आणि उरलेलं टाकून दिलं. साखर एकदा 188 झाली, दुसऱ्या दिवशी खाली आली.

बहिणीला भूलतज्ज्ञ बाईंनी एक गोष्ट आधीच सांगून ठेवली होती. बीपी घसरलं आणि सलाईन देऊनही, बीपी चढवायची औषधं देऊनही वर येईना, सोबत उलट्या, गुंगी, ताप, साखर किंवा सोडियम कमी, तर डॉक्टरांना ‘स्टिरॉइडवर आहे’ हे पुन्हा सांगायचं. पोटात रक्तस्राव होतोय का हे ते बघतीलच, बघायलाच हवं. पण कॉर्टिसॉल कमी पडलं असेल तर 100 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन तिथल्या तिथे द्यावं लागतं, रिपोर्टची वाट बघत बसायचं नसतं. माझं बीपी 100 च्या खाली गेलंच नाही.

आत्ता आठवलं म्हणून: गोळी बंद होऊन काही महिनेच झाले असतील तरी सांगा. डिफ्लाझाकॉर्ट, मिथाइलप्रेडनिसोलोन ही नावं वेगळी असली तरी स्टिरॉइडच आहेत. आणि माझ्या चुलतसासूबाईंसारखं गुडघ्यांसाठी कोणाकडून बिननावाच्या पुड्या घेत असाल तर तेही सांगा, लाजू नका. अशा पुड्यांत कित्येकदा स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. उलट, खोकल्यासाठी कधीतरी पाच दिवस घेतलेल्या गोळ्यांनी ग्रंथी झोपत नाहीत. सलग तीन आठवड्यांहून जास्त घेतल्या असतील तर मात्र विषय निघायलाच हवा. डोस माझा होता, तो तुमचा नाही. तो तुमच्या भूलतज्ज्ञांकडून तारीख-वेळेसह लिहून घ्या.

पाचव्या दिवशी डिस्चार्ज. कार्ड वाचलं. ‘चालू औषधे’ या रकान्यात लिहिलं होतं: काही नाही. नवरा खाली रिक्षा थांबवून उभा, विम्याचे कागद झालेले, आणि मी टाके सांभाळत पुन्हा त्याच काउंटरवर. “मॅडम, आता सिस्टिममध्ये बंद झालं.” मी बाकावर बसले. पाऊण तासाने ते उघडलं. प्रेडनिसोलोन 10 मिलिग्रॅम, सात वर्षं, असं छापून शिक्का बसल्यावरच उठले.