दिवली नाच : उजवा हात खांद्यापासून वेगळा

डोक्यावर पेटती दिवली तोलत गोव्याचा दिवली नाच करणारी माझी दिवलीवाली आता शिवणीच्या ओंडक्यातून कमरेपर्यंत बाहेर आली आहे. डोक्यावर दिवली, डावा हात कमरेवर, उजवा आडवा पसरलेला. हा उजवा हातच ठरवतो, मूर्ती कशात घडवायची ते.

सँडस्टोनमध्ये मी ही पोझ धरलीच नसती. वाळूचे कण चिकटून थराथरांनी झालेला दगड तो. भार सोसतो, पण अधांतरी हात स्वतःच्याच वजनाने मोडू शकतो. सारनाथचा धर्मचक्र मुद्रेतला बुद्ध आठवा, पाचव्या शतकातला, चुनारच्या वालुकाश्मातला. हात छातीशी, पाय मांडी घातलेले, मागे प्रभावळ. लोंबकळतं असं काहीच नाही. पापण्याही झुकलेल्या, सलग आणि गुळगुळीत. धौलपुरीच्या एका तुकड्यावर मी पापणीची कड काढून पाहिली, तर ती बारीक होऊ लागली की कण सुटून बोथट होते. असल्या दगडात हसू आणायचं तर ओठांच्या कोपऱ्यात खोल सावली पाडावी लागते.

संगमरवरात पापणी धारदार निघते, शिवाय उजेड थोडा आत मुरतो म्हणून गाल मऊ दिसतात. चेहऱ्यासाठी मी तोच घेतला असता. पण मायकेलअँजेलोच्या डेव्हिडच्या उजव्या पायामागचं झाडाचं खोड काही शोभेचं नाही, ते भार पेलायला आहे. तरीही घोट्यांजवळ बारीक तडे आहेतच. आमच्या बाईच्या हाताखाली पदराचा टेकू दिला असता, तर तोल सांभाळण्याची गंमतच गेली असती.

म्हणून लाकूड. त्यातही अट आहेच. ओंडक्याचा धागा उभा, हात आडवा. एकाच ओंडक्यातून हात काढला तर बोटांत धागा आडवा येतो आणि पटाशीच्या हलक्या ठोक्यालाही बोट उडतं. मेस्त म्हणाले, "हात वेगळा कर, धागा खांद्याकडून बोटांकडे धावू दे." आपल्याकडच्या चर्चमधले जुने लाकडी क्रूस जवळून बघा, येशूचे पसरलेले हात बहुतेक वेळा वेगळे कोरून खांद्याशी जोडलेले असतात. रंगाखाली तो सांधा सहज सापडत नाही.

माझा सांधा चोळीच्या बाहीच्या काठावर येतो. हाताच्या टोकाला खुंटी ठेवली आहे, खांद्यात तेवढंच भोक. मला खटकतं ते पुढचं. धाग्याच्या दिशेने लाकूड जवळपास हलत नाही, आडवं मात्र पावसाळ्यात फुगतं. हाताची जाडी वाढेल, खांदा उभ्या दिशेत तेवढाच राहील, म्हणजे कडेला रेघ उघडी पडणार. त्यामुळे सरस फक्त खुंटीला लावतोय आणि बाहीचा काठ हातावर किंचित पुढे आणून कोरतोय. रेघ पडली तरी काठाच्या सावलीत जाईल.

चेहरा अजून कोरा आहे. गालावर धाग्याच्या रेषा कशा वळतात ते दिसल्याशिवाय नाकाची जागा पक्की करणार नाही.