तुम्ही विचारलंत म्हणून: पाच जणांच्या टीममधली ब्रँच

“आम्ही पाचच डेव्हलपर आहोत. रोज मेनमध्येच मर्ज करावं, की फीचर पुरं होईपर्यंत त्याची ब्रँच वेगळी ठेवावी?”

रोज मर्ज करावे, असे माझे मत आहे. पूर्वी ते नव्हते. आमचीही टीम पाच जणांची होती. बिलिंगचे काम चालू असताना एका सहकाऱ्याने `get_amount()` हे फंक्शन रुपयांऐवजी पैशांत रक्कम देईल असे बदलले आणि मेनमध्ये ते जिथे जिथे वापरलेले सापडले, तिथे तिथे दुरुस्तीही केली. मी मात्र तीन आठवडे `refund-report` या ब्रँचवर होतो, आणि माझ्या नव्या फाइलमध्ये तेच फंक्शन रुपये गृहीत धरून वापरलेले होते. ती फाइल मेनमध्ये नव्हतीच, त्यामुळे त्याला ती सापडणार तरी कशी? मर्ज करताना गिटने एकही कॉन्फ्लिक्ट दाखवला नाही, कारण ते फक्त ओळी ताडून पाहते आणि आमचे बदल वेगवेगळ्या फाइलींत होते. टेस्टही पास झाल्या, कारण माझ्या टेस्टमध्ये त्या फंक्शनच्या जागी मी हाताने लिहिलेली रक्कम होती. ४५० रुपयांचा परतावा अहवालात ४५,००० दिसला, तेव्हा कुठे घोळ लक्षात आला.

ब्रँच किती दिवसांची झाली यापेक्षा दरम्यान मेन किती पुढे गेली, हे पाहणे अधिक उपयोगाचे असते:

```
git fetch
git rev-list --count refund-report..origin/main
```

तसलाच बदल आता आम्ही तीन छोट्या मर्जमध्ये करतो. आधी जुने फंक्शन तसेच ठेवून शेजारी `get_amount_paise()` लिहितो, मग एकेक वापर तिकडे हलवतो आणि शेवटी जुने काढून टाकतो. एखादा वापर नजरेतून सुटलाच, तर प्रोग्रॅम चुकीचा आकडा दाखवण्याऐवजी एरर देऊन थांबतो. ब्रँच आम्ही अजूनही काढतो, पण ती एक-दोन दिवसांत मर्ज होते, आणि अर्धवट फीचर फ्लॅगमागे बंद राहते. फीचर सुरू झाल्यावर तो फ्लॅग काढण्याचा मात्र सर्वांनाच कंटाळा येतो (मलाही), म्हणून फ्लॅग लिहितानाच तो काढण्याचे काम कोणाच्या तरी नावावर टाकावे.

टेस्टना तासभर लागत असेल किंवा रिव्ह्यू दोन-दोन दिवस पडून राहत असेल, तर ही पद्धत पेलणार नाही. आधी ती दुखणी दूर करावीत. ग्राहकांकडे जुनी आवृत्ती चालू ठेवावी लागत असेल, तर तिची रिलीज ब्रँच दीर्घकाळ ठेवणे योग्यच आहे, परंतु दुरुस्ती आधी मेनमध्ये करावी आणि मग `git cherry-pick` ने तिकडे न्यावी. उलट केले आणि ती मेनमध्ये आणायची राहिली, तर तोच बग पुढच्या आवृत्तीतून ग्राहकाकडे परत जातो.