सुट्टीत गाण्याचे तीनच दिवस

"टीचर, सुट्टीत पोरं मोकळीच असतात की. मग पाचाचे तीन दिवस कशाला करतासा? आणि वेळ सकाळी सव्वासातची का?"

गाण्याच्या क्लासची उन्हाळी सुट्टीची नोटीस लावली की तुम्ही पालक मला हे विचारता. पोरं मोकळी असतात, पण सगळी एकाच वेळी मोकळी नसतात. हे आपल्या सीमाभागातच नीट कळतं. माझ्या टिळकवाडीतल्या लहान मुलांच्या बॅचमध्ये 12 जण आहेत. त्यातले आठ बेळगावातल्या शाळांचे आणि चार शिनोळीकडून येणारे. वेंगुर्ला रस्त्यानं हद्द ओलांडली की शिनोळी, म्हणजे चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. अंतर थोडंच आहे, पण शाळेचं कॅलेंडर वेगळं. कर्नाटकातल्या शाळा साधारण 10 एप्रिलच्या सुमाराला सुटतात आणि मेच्या अखेरीस भरतात. महाराष्ट्रातली मुलं एप्रिल संपेपर्यंत शाळेतच असतात, तीही उन्हामुळे सकाळच्या शाळेत, आणि त्यांची शाळा उघडते जूनच्या मध्याला. म्हणजे बेळगावची आठ मुलं एप्रिलमध्ये सकाळी मोकळी, तेव्हा शिनोळीची चार वर्गात बसलेली. जूनमध्ये ही चार मोकळी, तेव्हा आठांच्या शाळा सुरू झालेल्या. बाराही जण सकाळी एकत्र बसू शकतील असे आठवडे फक्त मेमधले, जेमतेम चार.

पूर्वी मी हे लक्षात घेतलं नव्हतं. सुट्टी लागली की पाच दिवसांची सकाळची बॅच चालू करायची आणि जो येईल त्याला शिकवायचं, असं चालायचं. एका वर्षी एप्रिलमध्येच भैरव सुरू केला. मे उजाडला तेव्हा आठ मुलांची स्थायी-अंतरा पाठ होती आणि शिनोळीची चार आरोहापासून सुरुवात करत होती. मध्येच कोणी आजोळी गेलं, कोणी गावच्या जत्रेला. तीच स्थायी मी तीन वेळा पहिल्यापासून शिकवली. ज्यांना ती येत होती ती मुलं कंटाळून लय वाढवायला लागली, आणि एकदा लय वाढली की भैरवातला रिषभ हरवतो. महिन्याच्या शेवटी बंदीश सगळ्यांना येत होती, राग कुणालाच आला नव्हता. ती माझी चूक होती. तेव्हापासून नोटीस बदलली.

आता एप्रिलच्या उरलेल्या दिवसांत सकाळी फक्त आवाजाचं काम, पलटे आणि ऐकणं. बंदीश काढतच नाही. शिनोळीच्या चौघांना शनिवारी संध्याकाळी वेगळं बोलावून तेच पलटे घेते, म्हणजे मेच्या पहिल्या सोमवारी बाराही जण एका पायरीवर असतात. मग सोमवार, बुधवार, शुक्रवार असे चार आठवडे, म्हणजे 12 दिवस. त्यातला एक बहुतेक जातोच. आपल्याकडे शिवजयंती वैशाखात, तिथीनुसार होते. चित्ररथांची मिरवणूक मेमध्ये आली तर रात्रभर जागलेल्या पोरांना दुसऱ्या दिवशी सकाळी गायला बसवण्यात अर्थ नसतो. तो दिवस मी स्वतःच बंद ठेवते.

आता दिवसांचा हिशोब. एरवी आपण पाच दिवस 45 मिनिटं बसतो, आठवड्याला 225 मिनिटं. सुट्टीत तीन दिवस 70 मिनिटं, म्हणजे 210. आठवड्याला पाव तास कमी पडतो, महिन्याला एक तास. तो तास मी शेवटच्या शुक्रवारी भरून काढते. त्या दिवशी तबल्याच्या साथीला प्रत्येक जण एकेकटा गातो, आणि तुम्हीही ऐकायला बसता. फी बदलत नाही ती त्यामुळेच.

पण मिनिटांपेक्षा ती कशी वापरता येतात हे महत्त्वाचं. 45 मिनिटांत तानपुरा लावून षड्ज धरायचा, पलटे घ्यायचे, बंदीश म्हणायची, एवढं झालं की एकेकट्यानं गायला जेमतेम 10 मिनिटं उरतात. 12 मुलांत ती वाटली तर एकाला मिनिटसुद्धा मिळत नाही. 70 मिनिटांत प्रत्येकाला पूर्ण दोन मिनिटं देता येतात. मुलाची चूक मला त्या दोन मिनिटांतच सापडते. घोळक्यात सगळी मुलं सुरात असल्यासारखी वाटतात, कारण कच्चं मूल शेजारच्याच्या आवाजाला टेकून गातं.

भैरवाचंच सांगते. त्यात रिषभ आणि धैवत कोमल, बाकीचे स्वर शुद्ध. हे वहीत लिहून घ्यायला एक मिनिट पुरतं. पण त्यातला रिषभ सरळ उभा राहत नाही. तो गंधाराचा हलका आधार घेऊन संथ झुलतो आणि मग षड्जावर येतो. पेटीवर कोमल रिषभाची पट्टी एकच आणि तिचा सूर ठरलेला, त्यामुळे पेटीमागून गाणारं मूल तो खुंटीसारखा गातं. वर्षभर शुद्ध स्वरांचे पलटे केलेलं मूल उलटी चूक करतं. त्याचा रिषभ नकळत वर सरकतो आणि भैरवाचा रंगच जातो. ओळखायची माझी पद्धत साधी आहे. पेटी बंद करते, नुसता तानपुरा चालू ठेवते आणि मुलाला 'ग म रे सा' म्हणायला लावते, रिषभावर सावकाश चार मोजेपर्यंत थांबायचं. ज्याला रिषभ ऐकू आलाय तो थांबतो. ज्याला नाही आला तो दोनच मोजून षड्जावर उडी मारतो, कारण तिथे त्याला सुरक्षित वाटतं.

गेल्या मेमध्ये एका दहा वर्षांच्या मुलीचं असंच होत होतं. सोमवारी तिनं तीन वेळा म्हटलं, तिन्ही वेळा षड्जावर पळाली. मी काही सुधारलं नाही. फक्त सांगितलं, मंगळवारी घरी फोनवर तानपुरा काळी चारवर लाव, 20 मिनिटं बस, बंदीश म्हणू नकोस. फक्त सा, मग रे, मग परत सा. बुधवारी ती तीन मोजेपर्यंत थांबली. गुरुवारी पुन्हा तेच. शुक्रवारी चार मोजून झाले तरी ती तिथेच होती आणि रिषभ आपोआप हलायला लागला होता. मंगळवारीही तिला क्लासला बोलावलं असतं, तर मी माझ्या गळ्यातून तो स्वर तिच्या कानात घातला असता आणि तिनं माझी नक्कल केली असती. घरी तिला तो स्वतः शोधावा लागला. मधला मोकळा दिवस मी ठेवते तो एवढ्यासाठी. एरवीच्या दिवसांत शाळा आणि ट्यूशनमुळे मुलं घरी तानपुऱ्यापाशी 20 मिनिटं बसू शकत नाहीत, म्हणून तेव्हा क्लासचे दिवस जास्त लागतात. सुट्टीत ती बसू शकतात. मंगळवार-गुरुवारी घरात टीव्हीचा आवाज थोडा वेळ बंद ठेवलात तर मला फार मदत होते.

सकाळचं कारण आणखी वेगळं आहे. आपली नेहमीची बॅच संध्याकाळी साडेपाचला असते, त्यामुळे मुलं वर्षभर भूप, यमन, दुर्गा असेच राग गातात. पहाटेचा, सकाळचा राग त्यांच्या वाट्याला त्याच्या वेळी येतच नाही. भैरव संध्याकाळीही शिकवता येतो, पण बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजताहेत, मूल शाळेतून दमून आलंय, अशा वेळी त्या संथ रिषभावर कुणाचं मन ठरत नाही. सकाळी आवाजही खालच्या स्वरांत सहज उतरतो. लहान मुलांचा मंद्र सप्तक फार खाली जात नाही. माझी बरीचशी मुलं मंद्र पंचमापर्यंत पोचतात, तेही सकाळी. उन्हात खेळून, ओरडून, बर्फाचा गोळा खाऊन संध्याकाळी आलेल्या गळ्यात तिथे नुसती हवा असते.

शिवाय बेळगावातली मेची संध्याकाळ तुम्हाला ठाऊक आहे. चार वाजेपर्यंत रखरखीत ऊन, मग आभाळ भरून येतं आणि वळीव कोसळतो. माझा क्लास माडीवर, वर पत्रा. पाऊस लागला की शेजारी बसलेल्याचं गाणं ऐकू येत नाही, आणि वीज गेली की इलेक्ट्रॉनिक तानपुरा बंद. वाद्यांचंही तसंच. उन्हानं तबल्याची पुडी ताणली जाते आणि तबला चढतो, तानपुऱ्याच्या तारा मात्र उष्णतेनं सैल होऊन उतरतात. दोघं मिळवून बसावं तोवर पाऊस येतो, हवा ओली होते आणि तबला उतरायला लागतो. एका संध्याकाळी मी हातोडी घेऊन तीनदा उठले होते. तेवढ्या वेळात चार मुलांचं एकेकट्याचं गाणं झालं असतं. सकाळी सव्वासातला हवा स्थिर असते. एकदा लावलेला तबला साडेआठपर्यंत जागचा हलत नाही.

आधी मी सातच लिहीत होते. शिनोळीच्या एका आईनं सांगितलं की पहिल्या गाडीनं मुलं पोचेपर्यंत सात वाजून जातात, आणि उशिरा आलेलं मूल षड्ज न धरताच पलट्यात घुसतं. म्हणून सव्वासात केलं, साडेआठच्या आत सोडते, म्हणजे ऊन तापायच्या आधी मुलं घरी पोचतात.

गांधर्व मंडळाच्या उन्हाळी सत्राला बसणाऱ्या मुलांना हे लागू नाही. त्यांची परीक्षा होईपर्यंत त्यांचे पाच दिवस आणि संध्याकाळची वेळ तशीच राहते. आणि ऑक्टोबरात पुन्हा अशीच नोटीस दिसेल, कारण तेव्हा इकडे दसऱ्याची सुट्टी मोठी आणि तिकडे दिवाळीची. ती मात्र मी दोन वेगवेगळ्या कागदांवर लावणार आहे, शिनोळीकरांची वेगळी. गेल्या वेळी एकाच कागदावर दोन्ही तारखा लिहिल्या आणि दोन मुलं बंद दारापाशी अर्धा तास उभी राहून परत गेली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.