सपोर्टवाले म्हणाले "रीसायकल बिन बघा", पण कुणाचा?

ज्या क्लाउड कंपनीच्या सपोर्टशी माझी जुंपली होती, तिचं नाव इथे लिहीत नाही. फायली गेल्या त्यात तिचा दोष नव्हता. सिंक करणारी कुठलीही सेवा त्या दिवशी तेच करणार होती. माझा राग वेगळा आहे. "तुमचा रीसायकल बिन तपासा" हे वाक्य मला चॅटवर ऐकवलं, मेलवर ऐकवलं, फोनवरही ऐकवलं. तो बिन कुणाच्या खात्यातला, हे मात्र एकानेही सांगितलं नाही.

आमची सोसायटी सिंहगड रोडला. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरीत घरं बुडाली, तेव्हा आमच्याही तळमजल्यावरच्या ऑफिसात पाणी शिरलं होतं. कपाटातल्या खालच्या खणातल्या फायलींचा लगदा झाला. त्यानंतर तेव्हाचे सेक्रेटरी, म्हणजे आमचे काका, यांनी उरलंसुरलं सगळं नेटाने स्कॅन केलं: मंजूर नकाशे, शेअर सर्टिफिकेटच्या प्रती, जुने ऑडिट रिपोर्ट, लिफ्टचे करार. हे सगळं त्यांनी स्वतःच्या खात्यातल्या एका फोल्डरमध्ये ठेवलं आणि तो फोल्डर कमिटीतल्या आम्हा सगळ्यांशी शेअर केला. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर तो सिंक होत होता. मी खजिनदार. मिटिंगमध्ये कुणी विचारलं की "पाच ठिकाणी कॉपी आहे" असं आम्ही ऐटीत सांगायचो.

पुढे काका मुलाकडे बंगळुरूला राहायला गेले. लॅपटॉपची डिस्क भरली म्हणून त्यांनी तिथे बसून तो फोल्डर काढून टाकला. रीडेव्हलपमेंटसाठी वकिलांनी नकाशा मागितला तेव्हा आम्हाला कळलं. माझ्याकडे फोल्डर नाही, चेअरमनकडे नाही, फोनवरच्या अ‍ॅपमध्येही नाही. काकांना फोन लावला तर ते शांतपणे म्हणाले, "अगं, मी फक्त माझ्या लॅपटॉपवरून काढलंय. क्लाउडवर आहे की सगळं!"

काकांची ही समजूत निम्म्या पुण्याची असेल, म्हणून आधी तेवढं सांगते. सिंक म्हणजे सगळ्या जागा सारख्या ठेवणं. सर्व्हरवर जी ताजी स्थिती असेल ती प्रत्येक उपकरणावर आणायची, एवढंच त्याचं काम. फाइल आली हा बदल, नाव बदललं हा बदल, आणि फाइल उडवली हासुद्धा बदलच. काकांना जागा हवी होती की कागदच नको होते, हे सर्व्हरला कळायचा मार्ग नाही. त्याच्याकडे नोंद एवढीच पोचते, की ही फाइल आता नाही. ती नोंद तो सगळ्यांना वाटतो. व्हॉट्सअ‍ॅपचं "डिलीट फॉर एव्हरीवन" आहे ना, तसंच, पण बरेचदा न विचारता. आमच्या पाच कॉपी म्हणजे खरं तर एकच कॉपी होती, पाच खिडक्यांतून दिसणारी.

बॅकअप एकाच दिशेने चालतो. अमुक तारखेला जे होतं ते वेगळ्या जागी उतरवून ठेवायचं आणि नंतर मूळ फाइल उडाली किंवा बिघडली तरी त्या तारखेच्या प्रतीला हात लावायचा नाही. जुन्या तारखेची फाइल मागून मिळत नसेल, तर तो बॅकअप नव्हे, बटणावर काहीही लिहिलेलं असो.

आता सपोर्ट. मी माझ्या खात्याचा बिन उघडला, रिकामा. चॅटवरच्या मुलाने कॅशे साफ करून परत बघायला सांगितलं. रिकामाच. मग तिकीट काढलं, तर त्यातल्या फॉर्ममध्ये फाइलचं नाव, साधारण कधी उडाली, खातं घरगुती की ऑफिसचं, असे प्रश्न. मी इमानेइतबारे सगळं भरलं. उत्तर आलं: आपल्या खात्यात अशी फाइल कधी नव्हती. मी खुर्चीवरून उठलेच! स्क्रीनशॉट आहेत, वकिलांना पूर्वी पाठवलेले मेल आहेत, आणि हे म्हणतात नव्हती. फोनवर तासभर ते वाजंत्री ऐकल्यावर एक बाई आल्या, त्यांनीही पहिलं वाक्य तेच टाकलं: बिन बघितला का?

शेवटी चेअरमनच्या जावयाने, जो हिंजवडीला सिस्टिम अ‍ॅडमिन आहे, एका वाक्यात उलगडा केला. "मावशी, फोल्डर काकांच्या खात्यातला आहे. तुमच्याकडे फक्त त्याची वाट होती. उडालेली वस्तू मालकाच्या बिनमध्ये जाते." म्हणजे सपोर्टवाले खोटं बोलत नव्हते. माझ्या खात्यात ती फाइल कधीच नव्हती. पण हे "मालक कोण?" असा एक प्रश्न विचारून पहिल्याच दिवशी कळलं असतं.

मग काकांच्या मागे लागले. त्यांना पासवर्ड आठवेना. तो बदलायला ओटीपी हवा, तो जाणार पुण्यातल्या जुन्या नंबरवर, आणि ते सिम काकूंच्या फोनमध्ये, त्या तेव्हा गावी, रेंजची बोंब. हे सगळं जुळून त्यांच्या खात्याचा बिन उघडला तेव्हा तोही रिकामा. महिना उलटून गेला होता.

ही मुदत कुठेतरी लिहून ठेवा. गूगल ड्राइव्हचा ट्रॅश ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो. वनड्राइव्हच्या घरगुती खात्यातही ३० दिवस, ऑफिस किंवा शाळेच्या खात्यात साधारणपणे ९३. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो. तुमची फाइल कालपरवाच गेली असेल तर हे वाचत बसू नका. आधी मालक कोण ते शोधा आणि त्याच्या खात्याचा बिन ब्राउझरमधून उघडा. विंडोजच्या डेस्कटॉपवरच्या बिनवर विसंबू नका. जी फाइल फक्त ऑनलाइन होती ती उडवली तर त्या बिनमध्ये येतच नाही.

मला सुचलं ते यानंतर, आणि याचा मला अजून आनंद आहे. सोसायटीच्या ऑफिसात एक जुना डेस्कटॉप होता. मेंटेनन्सची बिलं अ‍ॅपवर गेल्यापासून तो कुणी चालूच केला नव्हता. फोल्डर तिथेही सिंक होत असे. म्हणजे फाइल उडाल्याची बातमी त्याला अजून पोचलेली नव्हती!

जावयाला विचारलं. तो म्हणाला, चालू करा, पण नेट लागता कामा नये. कारण असं की सिंक करणारा प्रोग्रॅम स्वतःजवळ शेवटच्या सिंकची यादी ठेवतो. नेट मिळालं की तीन गोष्टी ताडून बघतो: यादीत काय आहे, डिस्कवर काय आहे, सर्व्हरवर काय आहे. फाइल यादीत आहे, डिस्कवर जशीच्या तशी आहे, पण सर्व्हरवर नाही, तर तो समजतो की दुसरीकडे कुणीतरी ती मुद्दाम उडवली, आणि इथलीही उडवतो. फाइल डिस्कवर आहे पण यादीत नाही, तर ती नवी समजून वर चढवतो. आमच्या फायली पहिल्या प्रकारातल्या. नेट लागलं असतं की बघता बघता गेल्या असत्या.

म्हणून आधी मागची लॅनची वायर ओढून काढली. राउटरही बंद केला, कारण मशीनला वायफायचा डोंगल लावलेला असायचा आणि तो कुठे खुपसलाय ते त्या धुळीत दिसेना. मग चालू केलं. फोल्डर दिसला. वॉचमनकाकांनी टाळी वाजवली, त्यांना कशासाठी ते ठाऊक नसतानाही.

इथे घाईने जल्लोष करू नका. फोल्डरमध्ये नाव दिसलं म्हणजे फाइल आहे असं नाही. हल्ली जागा वाचवण्यासाठी बऱ्याच फायलींचं नुसतं नाव कॉम्प्युटरवर असतं, मजकूर सर्व्हरवर. ओळखायची युक्ती: फाइलवर राइट क्लिक करून Properties उघडायचं. `Size` मध्ये आकार असेल आणि `Size on disk` शून्य असेल, तर हाती पोकळ नाव आहे. नकाशांची पीडीएफ उघडली, दोन्ही आकडे भरलेले. ऑडिट रिपोर्टही भरलेले. टाकीच्या गळतीचे फोटो मात्र सगळे शून्य. ते गेले.

जे होतं ते पेनड्राइव्हवर उतरवलं. त्याच मशीनच्या डेस्कटॉपवर काढून ठेवणार होतो, जावयाने अडवलं: अनेक कॉम्प्युटरवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हेही सिंकमध्ये घेतलेले असतात. गंमत म्हणजे वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये त्या सोयीला "बॅकअप" म्हटलंय, आणि तिथेही एकीकडे उडवलेली फाइल सगळीकडून उडते. पेनड्राइव्ह काढून दुसऱ्या लॅपटॉपवर नकाशा उघडून बघितला, आणि मगच वायर परत लावली. फोल्डर आमच्या डोळ्यांदेखत रिकामा झाला.

काकांना खरं हवं होतं ते "Free up space". त्याने लॅपटॉपवरची जागा मोकळी होते, फाइल सर्व्हरवर राहते. डिलीट हे वेगळं बटण. गूगल फोटोजमध्येही तसंच आहे. फोनमध्ये जागा करायची तर तिथला जागा मोकळी करण्याचा पर्याय वापरा. अ‍ॅपमध्ये फोटो निवडून नुसतं उडवलंत तर क्लाउडवरूनही जातो. चेअरमनच्या सूनबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या तिथेच थबकल्या आणि ट्रॅश उघडून बसल्या.

आता सोसायटीच्या नावाचं वेगळं खातं केलंय, ओटीपीचा फोन ऑफिसच्या खणात असतो. सिंक चालूच ठेवलंय, रोजच्या कामाला ते सोयीचं आहे. त्याशिवाय एक बाहेरची हार्ड डिस्क घेतली. महिन्याच्या हिशेबाच्या दिवशी ती जोडायची, जावयाने दिलेली कॉपी करण्याची ओळ विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवायची आणि डिस्क काढून वरच्या खणात ठेवायची. तळाच्या खणात काहीही ठेवायचं नाही, हे सांगायला नकोच.

```
robocopy "D:\Society" "E:\Backup\2025-06" /E
```

दर महिन्याला शेवटचा फोल्डर नव्या नावाचा, त्यामुळे जूनची बिघडलेली फाइल मेच्या चांगल्या फाइलवर बसत नाही. आमचे एक सभासद `/E` ऐवजी `/MIR` लिहा म्हणून आग्रह धरून होते, त्याने जागा वाचते म्हणे. `/MIR` मूळ फोल्डरमध्ये जे नाही ते पलीकडूनही पुसतं. एकाच फोल्डरवर ते दरमहा चालवलं असतं तर विकत घेतलेल्या हार्ड डिस्कवर आम्ही पुन्हा सिंकच करत बसलो असतो. ही ओळ चालवण्याआधी सिंकच्या फोल्डरवर "Always keep on this device" करून सगळं खाली उतरलंय ना ते बघावं लागतं, आणि नंतर डिस्कवरची एखादी पीडीएफ उघडून. गेल्या खेपेला मी लिफ्टचा करार उघडला, त्यात त्याची मुदत संपत आल्याचं दिसलं, तर आता ते एक काम मागे लागलंय.