पेरणीचा दिवस शून्य: तीन एकरांचं वेळापत्रक बसवताना

औसा तालुक्यात आमचं तीन एकर काळं रान आहे. एक विहीर, पाच एचपीची मोटार आणि पंधरा नोझलचा तुषार संच. खरिपात सोयाबीन आणि त्याच रानात रब्बीला हरभरा, हा आमच्या भागातला नेहमीचा फेर. मी दोन हंगाम हातात वही घेऊन हा फेर बसवला. पहिला हंगाम चुकला, दुसरा जुळला. कुठे चुकलं तेच आधी सांगतो, कारण वही तिथूनच बदलली.

पहिल्या वर्षी तालुक्याच्या एका कृषी दुकानातून छापील तक्ता आणला होता. पेरणी 15 जून, पहिली फवारणी 15 जुलै, काढणी सप्टेंबरअखेर, अशा तारखाच तारखा. मृगात दोन चांगल्या सरी आल्या आणि मी 12 जूनला तिफण धरली. अण्णा, म्हणजे माझे वडील, बांधावरून म्हणाले, "वरची पापडी ओली झालीय रे, खाली हात घालून बघ की." मी बघितलं नाही. बी उगवलं, दोन पानांवर आलं आणि पाऊस गेला. अठरा दिवस ढग नुसते वरून जात होते. रोपं दुपारी माना टाकायची, मग सकाळीही उठेनात. 4 जुलैला दुबार पेरणी केली. बी, खत, पेरणीचं भाडं सगळं दुसऱ्यांदा.

खरं नुकसान पुढे झालं. पेरणी बावीस दिवसांनी सरकली, पण भिंतीवरचा तक्ता सरकला नाही. 15 जुलैला मी तक्त्याप्रमाणे फवारणी केली, तेव्हा पीक अकरा दिवसांचं होतं. पाने खाणाऱ्या अळ्यांचा तिथे पत्ताच नव्हता, औषध वाया गेलं. काढणी ऑक्टोबरच्या मध्यावर, चित्रा नक्षत्राच्या पावसात सापडली. रान वाफशावर यायला वेळ लागला, हरभरा नोव्हेंबर सरताना पेरला आणि घाटे भरायच्या वेळेला ऊन वाढलं. दाणा बारीक राहिला. जूनमधली एक चूक फेब्रुवारीपर्यंत चालत गेली.

त्या उन्हाळ्यात मी जाड पुठ्ठ्याची वही घेतली आणि तारखा काढून टाकल्या. पेरणी म्हणजे दिवस शून्य, बाकी सगळं तिथून मोजायचं. प्रत्येक कामापुढे तीन रकाने केले: कितव्या दिवसापासून कितव्या दिवसापर्यंत, त्याआधी रानात काय दिसलं पाहिजे, आणि काय आधी तयार हवं. दुसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. दिवस भरले म्हणून काम करायचं नाही, दिवस भरले की रानात जाऊन बघायचं.

तिसऱ्या रकान्यामुळे काही कामं शून्याच्याही मागे गेली. घरचं बी मे महिन्यात तपासलं. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले, रोज पाणी शिंपडलं, सातव्या दिवशी उघडलं तर अठ्ठ्याहत्तर दाण्यांना चांगले कोंब होते. सत्तरच्या वर उगवण असली की एकरी तीस किलो बी पुरतं. कमी असती तर त्या हिशेबाने बी वाढवावं लागलं असतं, आणि ते पेरणीच्या आदल्या दिवशी कळून उपयोग नसतो.

पावसासाठी सरळ बाजूंचा रिकामा पत्र्याचा डबा उघड्यावर, विटांच्या आधाराने ठेवला. रोज सकाळी त्यात पट्टी उभी धरायची. जितके मिलिमीटर पाणी उभं, तितका पाऊस. डबा मात्र सरळ हवा, खाली निमुळता असला की आकडा चुकतो. शिफारस 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरायची आहे. 14 जूनला बेरीज 53 झाली, शेजारी पेरते झाले, माझाही हात शिवशिवला. 18 जूनला बेरीज 96 झाली. खुरप्याने वीतभर उकरलं, खालच्या मातीचा मुठीत लाडू होत होता. 20 जूनला पेरणी केली. वहीत लिहिलं: शून्य.

वाण निवडताना मी उलटं मोजलं. बागायती हरभरा 20 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबरच्या दरम्यान पडायला हवा. त्याआधी मळणी, पाळी आणि रान भिजवणं यांना तीन आठवडे धरले. म्हणजे सोयाबीन सप्टेंबरच्या शेवटी निघालंच पाहिजे. म्हणून परभणीच्या कृषी विद्यापीठाचा एमएयूएस 612 घेतला, तो 95 ते 100 दिवसांत येतो. जास्त दिवसांचं वाण शेंगांना भरगच्च असलं, तरी माझ्या फेरात बसत नव्हतं.

तणनाशकाची खिडकी पंधरा ते वीस दिवसांची. खरी खूण म्हणजे तण दोन ते चार पानांचं आणि जमिनीत ओल. अठराव्या दिवशी पाऊस लागून होता, विसाव्या दिवशी उघाड मिळाली आणि काम झालं. वहीत एकच तारीख असती तर मी पावसात फवारलं असतं किंवा सोडून दिलं असतं.

तिसाव्या दिवशी निंबोळी अर्क. यासाठी निंबोळ्या आदल्या उन्हाळ्यात वेचून, सावलीत वाळवून ठेवलेल्या लागतात. तिसऱ्या रकान्यात ही नोंद पेरणीच्या एक वर्ष आधीची आहे! पाच किलो निंबोळीची भरड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवली, सकाळी फडक्यातून दोनदा गाळली, 200 ग्रॅम साबणाचं पाणी घालून शंभर लिटर केलं. नीट गाळलं नाही तर नोझल चोंदतो आणि अर्धा दिवस तो साफ करण्यात जातो.

पुढची फवारणी मी दिवसावर ठेवलीच नाही, मोजणीवर ठेवली. चाळिसाव्या दिवसापासून दर चार दिवसांनी रानात पाच ठिकाणी जायचं, एक मीटर ओळीत दोन तासांमध्ये फडकं अंथरायचं, झाडं हळूच झटकायची आणि पडलेल्या अळ्या मोजायच्या. अठ्ठेचाळिसाव्या दिवशी आकडे आले एक, शून्य, दोन, एक, एक. फवारलं नाही. बावन्नाव्या दिवशी, 11 ऑगस्टला, चार, तीन, पाच, चार, चार. मीटरला तीन-चार अळ्या ही मर्यादा ओलांडली होती, दुसऱ्या दिवशी क्लोरॅंट्रानिलीप्रोल एकरी 60 मिली घेतलं. पंधरा लिटरच्या पंपाला साडेचार मिली पडतं. एकराला तेरा पंप लागतात, सात-आठ पंपांत एकर उरकला की औषध पानांच्या आत पोचत नाही.

आता पाण्याचं. सोयाबीनला शेंगा भरताना, साठ ते सत्तर दिवसांत, ताण सोसत नाही. पण "पासष्टाव्या दिवशी पाणी" असं लिहून भागत नाही, कारण पाणी एका दिवसात होत नाही. पंधरा नोझल बारा मीटर अंतरावर मांडले की अर्धा एकर भिजतो. तीन एकरांना सहा मांडण्या. विहीर दिवसाला दोनच मांडण्यांना पुरते, शिवाय वीज कधी दिवसा, कधी रात्री. म्हणजे तीन दिवस. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पावसाने ओढ दिली, काळ्या रानात करंगळी जाईल अशा भेगा पडू लागल्या आणि सकाळी अकरालाच पानं उलटी दिसू लागली. त्रेसष्टाव्या दिवशी सुरू केलं, पासष्टाव्याला शेवटचा तुकडा भिजला. भेगा मोठ्या झाल्यावर सुरू केलं असतं तर पाणी भेगांतून खाली गेलं असतं.

सत्त्याण्णवाव्या दिवशी, 25 सप्टेंबरला, पानं गळून शेंगा तपकिरी झाल्या होत्या, दाणा शेंगेत खुळखुळत होता. दोन दिवसांनी हस्त लागत होता. काढणीचं गुत्तं मी ऑगस्टमध्येच बोलून ठेवलं होतं, ऐनवेळी माणूस मिळत नाही. त्याच दिवशी कापून संध्याकाळी ढीग रचून बनीम घातली, वर ताडपत्री. हस्ताचा पाऊस बनिमीवरून वाहून गेला. 2 ऑक्टोबरला रास झाली.

हरभऱ्याचा शून्य 28 ऑक्टोबर. पहिलं पाणी तिसाव्या दिवसाच्या आसपास, दुसरं साठ ते सत्तरमध्ये, घाटे भरताना. मधे भर फुलात पाणी देऊ नये, पीक नुसतं माजतं आणि मर वाढते. हे वहीत व्यवस्थित बसलं होतं. मग बायकोने कालदर्शिका आणून वहीशेजारी ठेवली आणि विचारलं, "येळवस कधी आहे बघितलंत का?"

येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. त्या वर्षी ती 30 डिसेंबरला, म्हणजे हरभऱ्याचा त्रेसष्टावा दिवस! त्या दिवशी आमच्याकडे रानात कोप होते, पूजा होते, भज्जी, उंडे, आंबील घेऊन पाहुण्यांसकट सगळं गाव रानात जेवतं. पोरं हिंडत ढाळे उपटून खातात. हरभऱ्याची पानं खुडून भज्जीत जातात. त्याच सुमाराला घाटेअळीची फवारणी असते. छापील तक्त्यात येळवस नसते. रासायनिक औषध मारलेल्या रानात पोरांना ढाळे खाऊ घालायचे का?

मग तो पंधरवडा पूर्ण नव्याने लिहिला. पंचेचाळीस दिवसांना फुलं दिसताच निंबोळी अर्क. एकरी दोन कामगंध सापळे, आणि पक्षी बसायला काठ्या रोवल्या. लेक रोज संध्याकाळी सापळ्यातले पतंग मोजायची. सलग तीन दिवस आठ-दहा पतंग आले की अळी येणार हे धरायचं. 19 डिसेंबरपासून आकडा सहा, आठ, नऊ, दहा असा चढला. 23 तारखेला ऊन कलल्यावर एचएएनपीव्ही हे विषाणूयुक्त जैविक औषध फवारलं. ते फक्त त्याच अळीला मारतं, माणसाला त्याचा अपाय नाही. कडक उन्हात ते निकामी होतं, म्हणून संध्याकाळीच. आणि अळी लहान असतानाच लागू पडतं, मोठी घाट्यात शिरली की नाही. चार-पाच दिवसांत झाडाच्या शेंड्याला उलट्या लटकलेल्या मऊ काळ्या अळ्या दिसल्या, तेव्हा खात्री पटली. पाणी 25 ते 27 डिसेंबरला उरकलं, म्हणजे येळवशीला रान तुडवण्याजोगं कोरडं होतं.

येळवस झाल्यावर, 4 जानेवारीला, ओळीत मीटरला दोन-दोन अळ्या सापडल्या त्या तुकड्यात तेवढं इमामेक्टिन मारलं, दहा लिटरला साडेचार ग्रॅम. बाकी रानात नाही. त्या तुकड्याच्या बांधावर लाल फडकं बांधलं, कोणी ढाळे नेऊ नयेत म्हणून, आणि औषधाच्या पत्रकावर काढणीआधी थांबायला सांगितलेले दिवस वहीत लिहून ठेवले.

15 फेब्रुवारीला, एकशे दहाव्या दिवशी, भल्या पहाटे दवात हरभरा उपटला, उन्हात घाटे गळतात म्हणून. रात्री अण्णांनी वही मागून घेतली आणि प्रत्येक कामापुढे नक्षत्र लिहिलं. पेरणीपुढे मृग, दुसऱ्या फवारणीपुढे आश्लेषा, काढणीपुढे उत्तरा. आता तो चौथा रकाना आहे. निंबोळ्यांची गोणी माळ्यावर चढवायची राहिलीय, तेवढं झालं की मे महिन्यात पुन्हा शंभर दाणे मोजायचे.