इंदूर ते महेश्वर, जाम गेटमार्गे: हँडलवरच्या फोनचा कॅमेरा कसा वाचवायचा

राऊ, महू, जाम गेट, मंडलेश्वर आणि मग महेश्वर. धामणोदवरून जाणारा हायवे सोपा आहे, पण पावसाळा संपता संपता बाइकने निघायचं असेल तर मी जाम घाटच सुचवेन. सकाळी पोहे-जिलबी खाऊन लवकर निघा, महूच्या बाजारातली गर्दी वाढायच्या आत पुढे सटका, आणि घाटात घाई करू नका. वळणं तीव्र आहेत, वर ढग उतरले की समोरचं दिसत नाही. रस्त्याबद्दल एवढं पुरे. ज्यांचा फोन बाइकच्या हँडलवर लावलेला असतो त्यांच्यासाठी मला या प्रवासातली दुसरीच गोष्ट नीट सांगायची आहे.

सोबत मामेभाऊ आणि वहिनी होते. दादाची बाइक 350 सीसीची, एक सिलिंडरची. हँडलच्या नळीवर घट्ट आवळलेला ॲल्युमिनियमचा होल्डर आणि त्यात त्याचा चांगला, महागातला फोन. कित्येक महिने तो असाच नकाशा लावून फिरत होता. जाम गेटला थांबलो, अहिल्याबाईंच्या त्या दरवाजातून खाली निमाडचा सपाट मुलूख दिसतो तिथे वहिनींनी फोटोसाठी फोन काढला आणि म्हणाल्या, "अहो, हे चित्र असं का लहरतंय?"

आम्ही फोन दगडी कठड्यावर टेकवून स्थिर ठेवला आणि समोरच्या भिंतीची कड पाहिली. 1x वर कड पाण्यात दिसावी तशी हलत होती आणि फोनच्या मागून बारीक घरघर ऐकू येत होती. 0.5x वर गेलो तर चित्र एकदम शांत. यावरून बिघाड कुठे आहे ते तिथेच कळलं. दादाच्या फोनमध्ये मुख्य कॅमेऱ्याला ओआयएस, म्हणजे हात थरथरला तरी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा, आहे, 0.5x च्या वाइड कॅमेऱ्याला नाही. फोन हलत नसताना चित्र हलतं, आणि तेही फक्त ओआयएस असलेल्या कॅमेऱ्यात, म्हणजे स्थिर ठेवणारी यंत्रणाच भरकटली आहे. लेन्सवरचा डाग किंवा ॲपची गडबड असती तर असं दिसलं नसतं.

ओआयएस म्हणजे प्रत्यक्ष हलणारा भाग. लेन्स बारीक तारांवर किंवा स्प्रिंगवर तरंगती ठेवलेली असते, शेजारी कॉइल आणि चुंबक असतात. काही फोनमध्ये लेन्सऐवजी सेन्सर हलतो. जायरोस्कोप हाताची थरथर मोजतो आणि कॉइल लेन्सला उलट दिशेने मिलिमीटरच्या अंशाइतकी सरकवते. हाताची नैसर्गिक थरथर सेकंदाला साधारण 8 ते 12 वेळा होते, आणि हे सगळं तशा हळू हालचालींसाठी आहे. आता इंजिन बघा. 4,000 आरपीएम म्हणजे सेकंदाला सुमारे 67 फेरे, आणि एक सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला पिस्टनचा झटका हँडलपर्यंत पोहोचतो. तासाभरात असे 2 लाख 40 हजार झटके. खड्डा मोठा धक्का देतो, पण तो क्षणात संपतो. इंजिनाचा कंप थांबतच नाही, आणि त्याची गती हँडलच्या, होल्डरच्या किंवा लेन्सच्या स्प्रिंगच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली तर तो वाढतो.

ॲपलने सप्टेंबर 2021 मध्ये हे उघडपणे सांगितलं: जास्त ताकदीच्या मोटरसायकलवर आयफोन लावू नका, आणि स्कूटर किंवा मोपेडवर लावायचाच असेल तर कंप शोषणारा होल्डर वापरा, तोही सलग फार वेळ नको. मात्र हा प्रश्न एका कंपनीचा नाही, हलती लेन्स असलेल्या कुठल्याही फोनचा आहे.

सेटिंगमध्ये स्टॅबिलायझेशन बंद केलं की लेन्स सुरक्षित, असं पुष्कळ जण मानतात. तसं होत नाही. कॅमेरा बंद असताना तर लेन्सला जागेवर धरणारी कॉइलही बंद असते, ती स्प्रिंगवर झटक्यांबरोबर डुलत राहते आणि कडेला आपटू शकते. हँडलवर फक्त नकाशा चालू असतो तेव्हा हेच घडत असतं.

परत आल्यावर जेल रोडवरच्या एका मराठी दुरुस्तीवाल्या काकांना फोन दाखवला. त्यांनी कॅमेऱ्याजवळ छोटं चुंबक आणलं आणि चित्र क्षणभर थांबलं. दादाला वाटलं, झालं काम. काका म्हणाले, "चुंबकाने लेन्स तात्पुरती अडकते, दुरुस्त होत नाही. आतली तार किंवा स्प्रिंग गेली की पूर्ण कॅमेरा मॉड्यूलच बदलावं लागतं."

होल्डर घेणार असाल तर जबड्यांना आतून लावलेल्या रबराच्या पट्टीवर जाऊ नका. ती फोन घसरू नये म्हणून असते, तिला कंप शोषणारा डॅम्पर म्हणत नाहीत. खरा डॅम्पर म्हणजे फोन धरणारा भाग आणि हँडलला आवळलेला भाग यांच्यामध्ये असलेली सिलिकॉनची किंवा मऊ रबराची टेकणं. दुकानात फोन लावून बोटाने ढकला: तो सगळ्या दिशांनी थोडा सरकून परत यायला हवा, आणि धातूला धातू लागता कामा नये. आपला फोन कव्हरसकट लावूनच पाहा, कारण वजन बदललं की डॅम्परचं वागणंही बदलतं. सिग्नलला इंजिन नुसतं चालू असताना फोन जास्त डुलताना दिसेल. त्यावरून होल्डर खराब ठरवू नका. डॅम्पर त्याच्या स्वतःच्या कंपनापेक्षा सुमारे दीडपट वेगाच्या कंपनांनंतरच कामाला लागतो, त्याखाली तो कंप उलट थोडा वाढवूही शकतो. चालत्या बाइकवर फोन शांत दिसतोय का, ते महत्त्वाचं.

होल्डर आरशाच्या दांड्यावर लावू नका. लांब दांडा झुलतो आणि कंप वाढवतो. हँडलच्या मधोमध, क्लॅम्पच्या जवळ लावा. दर थोड्या दिवसांनी रबर पाहा, उन्हाने ते कडक होतं किंवा चिरतं. आणि एवढं करूनही कंप कमी होतो, शून्य होत नाही. 350 सीसीच्या एक सिलिंडर बाइकवर रोजचा फोन डॅम्परवरही तासन्‌तास ठेवू नये, असं माझं मत आहे.

दादाने आता घरातला जुना, ओआयएस नसलेला फोन नकाशासाठी हँडलवर लावलाय. त्यातही ऑटोफोकसची लेन्स हलते, त्यामुळे धोका अजिबात नाही असं नव्हे, पण तो बिघडला तरी हळहळ नाही. त्यात इंदूर, महू आणि महेश्वरचा नकाशा घरीच वायफायवर डाउनलोड करून ठेवा, घाटात नेटवर्क येतं-जातं. माझा फोन जॅकेटच्या खिशात असतो आणि रस्ता हेल्मेटमधल्या ब्लूटूथवर ऐकू येतो. जाम गेटमार्गे महेश्वरला जाताना लक्षात ठेवावीत अशी वळणं मोजकीच आहेत, स्क्रीन सतत बघायची गरज पडत नाही.

सेकंडहँड फोन घेत असाल तर विकणाऱ्यासमोरच कठड्यावरची चाचणी करा. फोन टेबलावर टेकवून उभा ठेवा, सरळ कड असलेली वस्तू समोर धरा, प्रत्येक लेन्सने अर्धा-एक मिनिट व्हिडिओ घ्या आणि कान जवळ नेऊन घरघर ऐका. कॅमेरा बंद असताना फोन हलवल्यावर आतून हलका खडखड आवाज आला तर घाबरू नका. कित्येक चांगल्या फोनमध्ये तो लेन्स मोकळी असल्यामुळे येतो आणि कॅमेरा सुरू करताच थांबतो. कॅमेरा सुरू केल्यावरही थांबला नाही, तर तो फोन घेऊ नका.